गुंतवणुकीआधी एक हिशेब

राजगुरुनगरहून रोज चाकण एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पालकांशी आमचं शाळेत बोलणं होतं. पीएफ कापला जाऊ लागला, पगार थोडा वाढला, की पहिला प्रश्न ठरलेला : "महिन्याला पाच हजार कशात टाकू?" कमावणारा घरात एकटाच असेल, तर आमचा उलटा प्रश्न असतो : उद्या तो नसला, तर घर किती दिवस चालेल?

एक उदाहरण मांडू. वडील ३४ वर्षांचे, हातात पगार ३६ हजार. आई घर सांभाळते, मुलं आठ आणि चार वर्षांची. घरखर्च ३० हजार. त्यातून वडिलांचा स्वतःचा खर्च, म्हणजे पेट्रोल, मोबाइल, चहा-नाश्ता, जेवण, सहा हजार वजा करा. राहिले २४ हजार, वर्षाचे २ लाख ८८ हजार. धाकटं मूल २२ वर्षांचं होईपर्यंत १८ वर्षं हा पैसा लागेल. गुणाकार केला की जवळपास ५२ लाख होतात. दोघांच्या शिक्षणाचे दहा लाख धरा. देणी पाच लाख : मेहुण्याकडून खोलीसाठी घेतलेले चार आणि न दिलेला मेहर एक लाख. मेहर हेसुद्धा कर्जच आहे. वारसांत वाटणी होण्याआधी ते फेडावं लागतं. हिशेबाच्या कागदावर मात्र ते कुणीच लिहीत नाही. बेरीज ६७ लाख. पीएफ आणि शिल्लक मिळून पाच लाख वजा केले, तर ६२ लाख उरतात.

एजंट साधारण पगाराची दहा पट सांगतात. इथे ते ४३ लाख होतात, म्हणजे इथंच १९ लाख कमी पडतात.

पण हे ६२ लाखही आपल्या घरांना पुरत नाहीत. वरच्या गुणाकारात एक गोष्ट गृहीत आहे : मिळालेली रक्कम महागाईइतकी तरी वाढत राहील. बँकेत ठेव ठेवून व्याज घेणाऱ्या घरात ती थोडीफार वाढते. आपल्यातल्या अनेक घरांत व्याज वापरत नाहीत, काढून देऊन टाकतात. मग रक्कम आहे तितकीच राहते आणि किराणा, फी, औषधं वाढत जातात. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर १८ वर्षांचा तोच घरखर्च ५२ नव्हे, ८९ लाखांवर जातो. ३७ लाखांचा फरक. म्हणून या घराला किमान एक कोटीचा विमा हवा. शिक्षणाचा खर्चही वाढणारच, त्यामुळे याहून खाली येऊ नये. घरात भाड्याचं उत्पन्न किंवा पिकती जमीन असेल, तर मात्र आकडा कमी करता येतो.

कंपनीचा ग्रुप विमा आम्ही यात धरला नाही. पीएफसोबत येणाऱ्या ईडीएलआय योजनेत सेवेत असताना मृत्यू झाल्यास वारसांना जास्तीत जास्त सात लाख मिळतात. मिळाले तर उत्तम. पण दोन्ही आधार नोकरीला बांधलेले. चाकणमध्ये कंत्राट संपायला वेळ लागत नाही, हे राजगुरुनगरात कुणाला सांगायला नको.

आता शरियतचा प्रश्न. विम्याबाबत उलमांची मतं वेगवेगळी आहेत. तकाफुलची पॉलिसी आपल्या देशात सहज मिळत नाही. आपण ज्यांना विचारता त्या मुफ्तींना विचारून ठरवा, पण विचारताना 'विमा' एवढंच न म्हणता नेमकं सांगा : मुदतीचा विमा, म्हणजे टर्म, ज्यात जगलो तर काही परत मिळत नाही. बचत आणि बोनस जोडलेली पॉलिसी हा वेगळा प्रश्न आहे. टर्म न घेण्याचं ठरलं, तरी एक कोटीची गरज तशीच राहते. मग दुसरा आधार कोणता, हे घरात बसून बोलावं लागेल.

घ्यायचं ठरलं, तर मुदत १८-२० वर्षांची पुरे. ८५ वर्षांपर्यंतची पॉलिसी दाखवतील. तिचा हप्ता बराच जास्त असतो आणि त्या वयात आपल्यावर अवलंबून कुणी नसतं.

पाच हजारांतून हप्ता गेल्यावर जे उरेल, ते लगेच गुंतवू नका. दाव्याचे पैसे हातात यायला वेळ जातो. पत्नी चार महिने दहा दिवस इद्दतमध्ये असते, तेव्हा कचेऱ्यांचे हेलपाटे तिला कसे होणार? पाच महिन्यांचा घरखर्च, म्हणजे एक लाख वीस हजार, तिच्या स्वतःच्या खात्यात आधी साठवा. एटीएम कार्ड तिच्याकडे असू द्या. त्यानंतर फंडाचं बघू.

फॉर्म भरताना तंबाखू-गुटख्याच्या रकान्यात खरं लिहा. हप्ता वाढतो म्हणून एजंटच 'नाही' लिहून टाकतो आणि सही आपली असते. पॉलिसीला तीन वर्षं होण्याआधी मृत्यू झाला आणि ही लपवाछपवी उघडकीला आली, तर दावा नाकारला जाऊ शकतो. अर्जाची प्रत घरी आली, की तो रकाना बायकोला वाचून दाखवा.