अबोल्याच्या घरातून आलेली भीती

'कमिटमेंट'ला मराठीत काय म्हणायचं, यावर मागच्या महिन्यात आमच्या मेसमध्ये चांगलीच जुंपली. कोणी म्हणालं बांधिलकी. पण बांधिलकी समाजाशी असते, भाषणात असते. बॉयफ्रेंडशी बांधिलकी म्हटलं की मोर्चा निघाल्यासारखं वाटतं! कोणी म्हणालं वचन. ते रामायणातच बरं. शेवटी 'शब्द देणं' सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, कारण दिलेला शब्द मागे घेता येत नाही हे त्यात आपोआप येतं. आणि हा लेख ज्यांच्याबद्दल आहे त्यांना नेमकी तीच भीती वाटते.

हॉस्टेलवर शब्द द्यायला घाबरणाऱ्यांसाठी दोनच कप्पे आहेत. मुलगा असेल तर 'टाइमपास करतो', मुलगी असेल तर 'भाव खाते'. निकाल पाच मिनिटांत लागतो, अपील नाही. माझं म्हणणं असं की यातले काही जण या दोन्ही कप्प्यांत बसत नाहीत. त्यांना समोरचा माणूस आवडतो, मनापासून आवडतो. त्यांनी लहानपणापासून एक लग्न अगदी जवळून पाहिलेलं असतं, आणि ते कडू असतं, एवढंच.

माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. तिला विचारून सांगते आहे, आणि ओळखू येईल असं काही लिहिणार नाही. ती फायनल इयरला आहे. अडीच वर्षं तिचं आपल्याच कॉलेजमधल्या एका मुलाबरोबर छान चाललं होतं. त्याची प्लेसमेंट झाली आणि त्याने साधा प्रश्न विचारला, "घरी सांगायचं का?" हिने पुढचे अकरा दिवस त्याचा फोन उचलला नाही. विंगमधल्या पोरींनी निकाल दिलाच, "पॅकेज कमी वाटलं असेल!"

आता तिच्या घरी काय आहे ते बघा. आई-बाबा एकाच घरात राहतात, पण सहा वर्षांत एकमेकांशी थेट बोललेले नाहीत. त्याआधी भांडायचे, मग तेही बंद झालं. "बाबांना सांग गॅस संपलाय." "आईला सांग मी उशिरा येईन." दोघंही स्वयंपाकघरात उभे, मध्ये ही, आणि निरोप हिच्यामार्फत. बाबा आठला जेवतात, आई नऊला. ही लहान असताना दोनदा जेवायची, कोणाला वाईट वाटू नये म्हणून. बाबांच्या गाडीचं स्टँड किती जोरात लागलं यावरून संध्याकाळ कशी जाणार हे तिला जिना चढायच्या आत कळायचं.

आणि गणपतीत पाहुणे आले की? तेव्हा सगळं सुरळीत! "अहो, ऐकलं का, यांना चहा..." पाहुणे जाताना म्हणणार, काय छान जोडा आहे. ती म्हणते, मला भांडणापेक्षा याची भीती जास्त बसली. कारण त्यानंतर कुठलंच सुखी जोडपं तिला खरं वाटेना. त्या मुलाचे आई-वडील एकमेकांची थट्टा करतात, हे पाहून तिच्या मनात आलं की हे माझ्यासाठी चाललंय. मी गेले की दार लावून घेतील आणि गप्प बसतील.

आपण इंजिनिअरिंगवाले म्हणू, सॅम्पल साइझ एक. बरोबर आहे. पण त्या एका सॅम्पलवर तिने वीस वर्षं रोज रीडिंग घेतलंय. 'सगळी लग्नं अशी नसतात' या आपल्या एका वाक्याने ते रीडिंग पुसलं जाणार नाही.

या विषयावरचं बरंचसं संशोधन अमेरिकेतलं आहे आणि ते घटस्फोटित आई-बापांच्या मुलांबद्दल बोलतं. त्या मुलांची भीती सरळ आहे, की माणसं सोडून जातात. आपल्याकडे बहुतेक कडू लग्नं मोडत नाहीत, ती चालू राहतात. हिंदू विवाह कायद्यात संमतीने घटस्फोटाची सोय 1976 साली आली, पण हिच्या घरात तो शब्द कोणी उच्चारलेला नाही. म्हणून हिची भीती बरोबर उलटी आहे. कोणी सोडून जाईल असं तिला वाटत नाही. कोणी कधीच सोडून जाणार नाही, दोघं त्याच दोन खोल्यांत साठ वर्षांचे होऊ, अशी ती भीती आहे. "मी कधी सोडणार नाही तुला," असं तो मुलगा प्रेमाने म्हणाला तेव्हा हिच्या पोटात गोळा आला. धीर द्यायचं म्हणून आपण जे वाक्य बोलतो, नेमकं तेच तिला नको असतं.

या दोन भीतींतला फरक आकड्यांतही दिसतो. पॉल अमाटो नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि डॅनेल डीबोअर यांनी 2001 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. 1980 पासून काही कुटुंबांची माहिती गोळा केली जात होती, त्यातली मुलं आता मोठी होऊन लग्न करून बसली होती. ज्यांच्या आई-वडिलांनी घटस्फोट घेतला होता, त्यांचं स्वतःचं लग्न मोडण्याची शक्यता साधारण दुप्पट निघाली. पण ज्यांचे आई-वडील भांडत राहिले आणि एकत्रही राहिले, त्यांच्या बाबतीत ही शक्यता वाढलेली नव्हती.

इथपर्यंत वाचून ती म्हणाली, "म्हणजे मी पण मोडणार नाही. मी पण सहन करत बसणार." तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. त्याच वर्षी अमाटो आणि ॲलन बूथ यांनी दाखवलं की अशा मुलांच्या लग्नांत कटकटी जास्त असतात आणि मेळ कमी असतो. आई-वडिलांच्या कुठल्या सवयी पुढे त्रास देतात, तेही त्यांनी पाहिलं. पटकन चिडणं, सतत चुका काढणं, हुकूम सोडणं, संशय... आणि त्या यादीत जोडीदाराशी न बोलणंही आहे. आपला घरगुती अबोला! म्हणून 'तुझी भीती वेडगळ आहे' असं तिला सांगणं मला पटत नाही. भीतीला आधार आहे. फक्त वारशाने येतात त्या सवयी, आणि सवय नाव घेऊन दाखवता येते. ते अकरा दिवस फोन न उचलणं, ते कोणाकडून आलं? हे तिचं तिलाच दिसलं, मला सांगावं लागलं नाही.

घरातले मोठे म्हणतात, भांड्याला भांडं लागतंच. लागतंच की. पण भांडं लागल्यावर पुढे काय होतं, हे मुलाला दिसतं का? मार्क कमिंग्ज या मानसशास्त्रज्ञाने यावर बरेच प्रयोग केले. लहान मुलांना मोठ्या माणसांची ठरवून केलेली भांडणं दाखवायची आणि मुलं किती अस्वस्थ होतात ते बघायचं. भांडण अर्धवट राहिलं किंवा दोघं नुसतेच गप्प झाले, तर मुलं अस्वस्थच राहायची. पण तेच भांडण नीट मिटलेलं दिसलं, तर अस्वस्थता खूपच कमी व्हायची. भांडण बंद दाराआड मिटलं आणि ते नंतर मुलांना कळलं, तरी फरक पडायचा.

माझ्या मैत्रिणीने भांडणाची सुरुवात शेकडो वेळा पाहिली आहे. शेवट एकदाही पाहिलेला नाही. कोणी दार उघडून बाहेर आलं, "जाऊ दे, चुकलं माझं, चहा घेणार का?" असं म्हणालं, हे तिच्या घरात कधी घडलंच नाही. त्यामुळे तो मुलगा नुसता "ठीक आहे" म्हणाला तरी तिच्या डोक्यात थेट सहा वर्षांचा अबोला सुरू होतो. मधल्या पायऱ्या तिला माहीतच नाहीत.

आता एक अवघड प्रश्न. ही भीती आहे, की मुळात तो माणूसच नको आहे? दोन्ही वरून सारखंच दिसतं. मी तारखा बघते. त्याचं मोठ्याने हसणं, मेसेजमधलं स्पेलिंग, जेवताना आवाज करणं, हे सगळं अडीच वर्षं चालत होतं आणि 'घरी सांगायचं का' या प्रश्नानंतर आठवड्याभरात एकदम असह्य झालं. नंतर तो म्हणाला, "बरं, राहू दे, नंतर बघू," आणि तीन दिवसांत तेच हसणं पुन्हा आवडायला लागलं! दोष प्रश्नाबरोबर येत असेल आणि प्रश्नाबरोबर जात असेल, तर ती भीती आहे. प्रश्न नसतानाही तो माणूस नकोसा वाटत असेल, किंवा तो खरोखरच अपमान करत असेल, संशय घेत असेल, तर तिथे आई-बाबांच्या लग्नाला मध्ये आणायचं कारण नाही. सरळ नाही म्हणावं. आणि 'तुझ्या मनात भीती आहे म्हणून तू नाही म्हणतेस' असं म्हणून कोणाच्या गळ्यात लग्न मारणं, हे तर अजिबात चालणार नाही.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, कारण त्या मुलाचे अकरा दिवस कसे गेले हे मी पाहिलंय. भीती खरी असली तरी समोरच्याला काहीही न सांगता लटकत ठेवायचा परवाना त्यातून मिळत नाही. तिने त्याला 'हो' सांगायला हवं होतं असं नाही. पण आत्ता मला जमत नाहीये, कारण हे आहे, आणि अमुक दिवशी मी पुन्हा बोलेन, एवढं तरी त्याला मिळायला हवं. मग थांबायचं की नाही, ते तो ठरवेल.

शेवटी ती हेच बोलली. पूर्ण आयुष्याचा शब्द दिला नाही, एक छोटा शब्द दिला. भांडण झालं तर चोवीस तासांच्या आत फोन करायचा, राग गेला नसला तरी. नुसतं 'मी अजून चिडलेय' म्हणायला का होईना. ऐकायला पोरकट वाटेल, पण ज्या घरात चोवीस तासांची सहा वर्षं झाली, तिथल्या मुलीला हे किती जड जातं ते मी शेजारच्या कॉटवरून बघते. पहिल्यांदा तिने तेवीस तास आणि काही मिनिटांनी फोन केला, कॉरिडॉरमध्ये उभं राहून, भिंतीकडे तोंड करून. भांडण कशावरून? सिनेमाच्या तिकिटांवरून. वीस मिनिटांत मिटलं. परत येऊन ती बराच वेळ कॉटवर बसून राहिली आणि म्हणाली, "अगं, संपलं पण?"

एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. तिची आई नेहमी म्हणते, "तुझ्याकडे बघून दिवस काढले." आईला ते प्रेमाने म्हणायचं असतं. हिला ते बिलासारखं ऐकू येतं. ही पळून गेली असती तरी चाललं असतं, असं तिला कधी कधी आईबद्दल वाटतं, आणि वाटल्यावर लाजही वाटते. लग्नाचा विचार केला की तिला नवरा दिसत नाही. स्वयंपाकघरात दोघांच्या मध्ये उभी असलेली एक लहान मुलगी दिसते. यावर रूममेटकडे उत्तर नाही. म्हणून ती आता दर पंधरा दिवसांनी शनिवारी समुपदेशक बाईंकडे जाते. विंगमध्ये कोणी विचारलं तर एक्स्ट्रा लेक्चर म्हणून सांगते. घरी अजून कोणी काही सांगितलेलं नाही. मुलगा जुलैत जॉइन होतोय, आणि पुढचं बोलणं दिवाळीनंतर करायचं असं दोघांनी मिळून ठरवलं आहे.