‘५० तास’ म्हणजे नेमके किती तास? हाटकेशकरांना जाहीर आवाहन

हाटकेशमधल्या एका सोसायटीतल्या मुलीची गेल्या आठवड्यात फोनवर मुलाखत होती. सकाळी बड्स पूर्ण चार्ज केलेले, दुपारपर्यंत अडीच-तीन तास ऑनलाइन क्लास आणि चार वाजता मुलाखतीचा कॉल. चौथ्या प्रश्नाला कानात टूं वाजलं आणि दोन्ही बड्स बंद पडले. हे बड्स तिने १,२९९ रुपयांना ऑनलाइन घेतले होते. लिस्टिंगवर पहिल्याच ओळीत, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘५० तास प्लेटाइम’. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं की ते तास केससकट असतात, फोटोत खाली तसं लिहिलंय, वापरलेला माल परत होत नाही.

फोटो मोठा करकरून पाहिला. फुलीसारखं एक चिन्ह आहे आणि त्याखाली तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत इंग्रजी ओळ. ह्या उत्तराचा परिसरातल्या ग्राहक गटाला संताप आला, आणि तो यायलाच हवा होता. टँकरमध्ये खरंच किती लिटर येतं हे पाहायला सोसायटीच्या टाकीत काठी उतरवून मोजणारा हाच गट. ह्या वेळी त्याने बड्स मोजायला घेतले.

खोक्यावर लिहिलेलं होतं की एका बडची बॅटरी ४० एमएएच आणि केसची ४००. म्हणजे दोन्ही बड्स एकदा भरायला ८० लागणार, आणि केस कागदावर पाच वेळा पुरणार. प्रत्यक्षात तसं होत नाही. केसमधल्या सेलचा दाब सुमारे ३.७ व्होल्ट. तो साधारण ५ व्होल्टपर्यंत चढवून बडला दिला जातो आणि बड तो पुन्हा खाली आणून आपला सेल भरतो. ह्या चढउतारात बरीच वीज उष्णता होऊन जाते. चार्ज होताना केस कोमट लागते ती त्यामुळेच. गटाने मोजलं तेव्हा केसने बड्स तीनदा पूर्ण भरले आणि चौथ्यांदा निम्म्यावर सोडून दिले. आवाज निम्म्यावर ठेवून गाणी लावली तर एका चार्जिंगमध्ये बड्स ५ तास ४० मिनिटं चालले. केससह सगळं धरून बेरीज सुमारे साडेपंचवीस तास होते. केसने पाचही वेळा कणभर वीज वाया न घालवता बड्स भरले असते, तरी ५० तासांसाठी दर खेपेला ते आठ तास वीस मिनिटं चालायला हवे होते.

आणि कॉलवर? ३ तास १० मिनिटं. गाणी ऐकताना बड फक्त घेतो. कॉलवर तो घेतो आणि पाठवतोही, शिवाय माइक आणि आवाज गाळणारी चिप सतत चालू राहते. महागड्या वस्तूंतही हा फरक असतो, पण तिथे तो लिहिलेला असतो. ॲपलने एअरपॉड्स प्रोच्या दुसऱ्या पिढीसाठी एका चार्जिंगवर ऐकायला ६ तासांपर्यंत, बोलायला ४.५ तासांपर्यंत आणि केससह ऐकायला ३० तासांपर्यंत असे वेगवेगळे आकडे दिले आहेत. कित्येक पट किमतीची वस्तू ३० म्हणते आणि तेराशेची ५०, इथेच घेणाऱ्याला शंका यायला हवी.

दुसरी ओळ ‘ब्लूटूथ ५.३’. हा आकडा खोटा नसेलही, पण तो ‘जबरदस्त साउंड’च्या शेजारी बसवलेला असतो आणि फसवणूक तिथे आहे. आवृत्तीचा आकडा आवाजाचा दर्जा सांगत नाही. गाणं कसं ऐकू येईल हे स्पीकर आणि कोडेक ठरवतात. ह्या बड्सवर गाणी एसबीसी आणि एएसी ह्याच जुन्या कोडेकवर येतात. अँड्रॉइड फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ते कुणालाही दिसतं. २०२० साली आलेल्या ५.२ आवृत्तीमुळे ‘एलई ऑडिओ’ची सोय झाली खरी, पण ती द्यायची की नाही हे बनवणाऱ्यावर असतं. ह्या बड्समध्ये ती नाही. ५.३ लिहिलंय म्हणजे ती असणारच, असं धरून चालू नये.

सगळ्यांत जास्त घोळ तिसऱ्या ओळीत आहे. ‘क्वाड माइक ईएनसी, क्रिस्टल क्लिअर कॉल्स.’ लोकलमध्ये शांतता मिळेल म्हणून लोक हे वाचून पैसे मोजतात. पण ईएनसी तुमच्या कानांसाठी नसतंच! तुमच्या आजूबाजूचा गोंगाट पलीकडच्या माणसाला कमी ऐकू जावा, एवढंच त्याचं काम. तुमच्या कानातला गोंगाट कमी करतं ते एएनसी, आणि ते ह्या बड्समध्ये नाही. ‘क्वाड’ म्हणजे एका कानाला दोन माइक. गटाने साधी चाचणी केली. एकाने बड्स लावून दहा आकडे वाचायचे, घरी बसलेल्याने ते लिहून घ्यायचे. बंद खोलीतून दहापैकी दहा बरोबर आले. मीरा-भाईंदर रोडच्या कडेने सात. मीरा रोड स्टेशनवर फास्ट लोकल जात असताना तीन.

‘हजार-तेराशेत आणखी काय हवं’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं की कुणीही जास्त मागितलेलं नाही. साडेपाच तास चालणारे बड्स साडेपाच तासांचे म्हणून विका. ‘आम्हाला मजकूर वरून येतो, आम्ही फक्त टाकतो’ हे असे बड्स ऑनलाइन विकणाऱ्या हाटकेशमधल्या दुकानदारांचं म्हणणंही टिकत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घेणं नाकारता येत नाही. आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की खुलासा दाव्याच्याच भाषेत, त्याच अक्षरांत आणि ठळक जागी हवा. तांदळाच्या दाण्याला तिथे जागा नाही. आपल्याच शेजारच्या मुलीला हे विकताना हात कसा धजतो?

ह्याच बड्सची लिस्टिंग गटाने नव्याने लिहिली आहे. ती अशी:

‘एका चार्जिंगवर, आवाज निम्म्यावर ठेवून गाणी सुमारे साडेपाच तास, कॉल सुमारे तीन तास. केससह गाणी एकूण सुमारे २५ तास. ब्लूटूथ ५.३, जुन्या आवृत्तीच्या फोनलाही जोडता येतात, कोडेक एसबीसी आणि एएसी, एलई ऑडिओ नाही. खोलीत कॉल स्पष्ट, रहदारीत अडखळत, रेल्वे फलाटावर भरवसा नाही. बाहेरचा आवाज तुमच्या कानात कमी होत नाही.’

दुकानदारांनी येत्या रविवारपर्यंत आपापल्या लिस्टिंगमध्ये असा बदल करावा. मोजणं जमत नसेल तर एक जोडी गटाकडे द्यावी, दोन दिवसांत आकडे लिहून मिळतील, पैसे लागणार नाहीत.

घेणाऱ्यांनी आधी लिस्टिंगचा स्क्रीनशॉट काढावा, कारण तक्रार गेली की मजकूर बदलतो. बड्स हातात आल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण चार्ज करून आवाज निम्म्यावर ठेवावा, घड्याळ लावून बंद पडेपर्यंत चालवावेत आणि वेळ लिहून ठेवावी. दुसऱ्या दिवशी कॉलवर तेच करावं. परतीची मुदत सहसा आठवडाभराचीच असते, म्हणून हे पुढे ढकलू नये. आकडा जुळला नाही तर त्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावं. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, हे त्याच्यावर बंधनकारक आहे. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर ठाण्याचा जिल्हा आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही. ‘जाऊ दे, तेराशेच तर होते’ असं म्हणून घरी बसणाऱ्यांमुळेच ‘५० तास’ अजून छापलं जातंय.

त्या मुलीची तक्रार लिहून झाली आहे. ज्यांच्याकडे असेच बड्स आहेत त्यांनी रविवारी सकाळी दहाला सोसायटीच्या कार्यालयात बिल, खोकं, स्क्रीनशॉट आणि पूर्ण चार्ज केलेली जोडी घेऊन यावं. केस घरी विसरू नये, एमएएचचा आकडा बहुधा तिच्याच तळाशी असतो.