पगार थांबला, हप्ता नाही

आमच्या पिढीला एक्सेलचं भारी वेड. घरात कुणी रिटायर झालं की लगेच आपली शीट तयार. कर्जाचा दर साडेआठ, इक्विटी म्युच्युअल फंडाचा सरासरी परतावा बारा, म्हणजे कर्ज फेडणं हा शुद्ध वेडेपणा! तिशीतल्या, पगार चालू असलेल्या माणसासाठी हे गणित एक वेळ चालेल. रिटायर झालेल्या माणसासाठी मला ते अजिबात पटत नाही.

आमच्या मामांचंच उदाहरण घ्या. साठाव्या वर्षी एका खासगी कंपनीतून निवृत्त झाले. पीएफ, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे असे मिळून ४८ लाख हातात आले. डोंबिवलीच्या फ्लॅटचं कर्ज २० लाख बाकी, दर ८.५ टक्के, सात वर्षं शिल्लक, हप्ता ३१,६७३ रुपये. मुलगा म्हणाला, "बाबा, कर्ज राहू द्या, पैसे गुंतवा." मामांचा प्रश्न साधा होता, "अरे, पण हप्ता कुठून भरू?"

आधी सुरक्षित मार्ग बघू. आजारपणासाठी ५ लाख बाजूला ठेवले, उरले ४३. त्यातले ३० लाख सीनियर सिटिझन योजनेत (तिथली कमाल मर्यादाच तेवढी आहे) ८.२ टक्क्यांनी टाकले, तर महिन्याला सरासरी २०,५०० येतात. उरलेल्या १३ लाखांच्या एफडीवर ७ टक्क्यांनी साधारण ७,६००. एकूण झाले २८,१००. म्हणजे ४३ लाखांचं अख्खं व्याज देऊनही हप्त्याला साडेतीन हजार कमीच! भाजी, वीजबिल, औषधं अजून यायचीच आहेत. आता हप्त्यातून मुद्दलही फिटतं, त्यामुळे हा सगळा तोटा नव्हे, हे मान्य. पण एवढं करून वाचतं काय? कर्ज ८.५ ला आणि ठेव ८.२ ला. फायदा शून्याच्याही खाली.

मग मुलगा म्हणतो, इक्विटीत टाकू. इथे खरी मेख आहे. बारा टक्के ही सरासरी आहे, आणि हप्ता सरासरीने जात नाही, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जातो. २००८ साली सेन्सेक्स निम्म्याहून जास्त पडला आणि २००९ मध्ये ८० टक्क्यांच्या आसपास वर आला. समजा मामांनी २० लाख टाकले आणि पहिली दोन वर्षं नेमकी अशीच निघाली. पैसे नुसते पडून राहिले असते तर २० चे १० आणि १० चे १८ झाले असते. फार बिघडलं नसतं. पण त्यातूनच वर्षाला ३.८ लाखांचा हप्ता काढायचा आहे. सोपं व्हावं म्हणून तो वर्षअखेरीला काढू. पहिल्या वर्षी १० उरतात, हप्ते गेल्यावर ६.२. पुढच्या वर्षी त्याचे ११.२ होतात, हप्ते गेल्यावर ७.४ लाख. आणि कर्ज? अजून १५.४ लाख बाकी! मार्केट जवळपास सावरलं, मामा मात्र सावरले नाहीत, कारण पडत्या भावात युनिट्स विकावी लागली. पगारदार माणूस मंदीत थांबू शकतो. रिटायर माणसाला ती सोय नाही.

राहिला टॅक्सचा मुद्दा. नव्या करप्रणालीत स्वतः राहतो त्या घराच्या कर्जव्याजावर वजावट मिळतच नाही. आणि उत्पन्न इतकं कमी झाल्यावर वाचवायला टॅक्स तरी कुठे उरतो?

मामांनी २० लाख भरून टाकले. ५ लाख बँकेत, २३ लाख योजनेत. महिन्याला १५,७०० येतात, वर पीएफची छोटी पेन्शन, आणि त्यातला एकही रुपया बँकेला जात नाही.

पण हाच सल्ला सरसकट देऊ नका. मिळालेले पैसेच २४ लाख असतील, तर २० लाख कर्जात घालून हात रिकामे करणं धोक्याचं आहे. हॉस्पिटलचं बिल घराच्या भिंतींनी भरता येत नाही, आणि साठीनंतर नवीन कर्ज मिळणं कठीण. अशा वेळी १० लाखच भरा. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. मात्र एक गोष्ट सांभाळा. बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. रिटायर माणसाला उलटं हवं असतं, तेव्हा "मुदत तीच, हप्ता कमी" असं अर्जात स्पष्ट लिहा. वरच्या उदाहरणात हप्ता १५,८०० च्या आसपास येईल.

पूर्ण फेडलंत तर मूळ कागदपत्रं मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून ती ३० दिवसांत परत करणं बंधनकारक आहे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

तेव्हा आई-बाबांसाठी शीट उघडाल तेव्हा परताव्याच्या कॉलमआधी एक कॉलम टाका: पेन्शन, भाडं असं खात्रीचं उत्पन्न, वजा घरखर्च, वजा हप्ता. उत्तर शून्याच्या वर आलं तर खुशाल गुंतवा. खाली आलं तर आधी कर्जाकडे बघा.