नाश्त्याआधीची गोळी

शेजारच्या काकू पँटोप्राझोल चाळीसची स्ट्रिप पदराला बांधल्यासारखी जवळ ठेवतात आणि जेवणानंतर छातीत जळजळलं की एक गोळी घेतात. वर म्हणतात, "या गोळीचा काही उपयोग नाही गं." दोष गोळीचा नाही, वेळेचा आहे. ही गोळी पोटातल्या आम्लावर थेट काहीच करत नाही. तिच्यावरचं गुळगुळीत आवरण जठरात टिकतं आणि आतड्यात विरघळतं, म्हणून ती फोडायची किंवा चावायची नाही. मग औषध रक्तात उतरतं आणि रक्तातून जठराच्या भिंतीतल्या आम्ल सोडणाऱ्या पंपांपर्यंत पोचतं. पण ते फक्त चालू पंपच बंद करू शकतं, झोपलेल्या पंपांना हात लावत नाही. रात्रभराच्या उपासानंतर सकाळी असे पंप सर्वाधिक साठलेले असतात आणि पहिला घास त्यांना जागं करतो. रक्तातलं औषध तासाभरातच निम्म्यावर येतं, म्हणून पोहे-उपमा पोटात जाईल तेव्हा ते तिथे हजर हवं. त्यासाठी गोळी अर्धा ते एक तास आधी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहाबिस्किटं नंतर. एकदा बंद झालेला पंप पुन्हा सुरू होत नाही, शरीर नवे पंप घडवतं. म्हणून परिणाम काही दिवसांत हळूहळू चढतो. काकू, महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने स्ट्रिप आणू नका, आणि गिळताना अडकत असेल किंवा शौच काळं होत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा.