चॅटबॉटचा वेळ नेमका कुठे जातो?

चॅटबॉट फार वेळ लावतो अशी तक्रार आली की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक, आणखी वेगवान मॉडेल घ्या. दुसरं, ‘बघतो’ अशी पोच आधी पाठवणं ही नुसती रंगरंगोटी. दोन्ही मतं वेळेचा हिशेब न मांडताच दिलेली असतात.

तो मांडून पाहू. ग्राहक विचारतो, ‘माझी ऑर्डर कुठे आहे आणि बदलून मिळेल का?’ समजा, ऑर्डरची नोंद काढायला १ सेकंद, कुरियरकडून ठावठिकाणा यायला २ आणि बदलीचा नियम शोधायला १ लागतो. एकेक टूल मागवायचं ठरवलं, तर प्रत्येक वेळी मॉडेलचा विचार करण्यात आणखी १ सेकंद जातो. वर २०० टोकनांचं उत्तर, सेकंदाला ५० च्या वेगाने, म्हणजे ४ सेकंद. एकूण ११.

मॉडेल तेच ठेवा. नियम आणि ऑर्डर यांचा एकमेकांशी संबंध नाही, म्हणून ती दोन्ही एकाच फेरीत मागवता येतात. कुरियरचं तसं नाही; त्याला लागणारा ट्रॅकिंग नंबर ऑर्डरच्या नोंदीतच असतो. ‘सगळं समांतर चालवा’ म्हणणारे इथेच फसतात. यावर उपाय म्हणजे नोंद आणि ठावठिकाणा सर्व्हरवरच एका टूलमध्ये जोडणं. मग विचार १, टूल्स ३ (सगळ्यात संथ टूलइतकी), उत्तर ४; एकूण ८. उत्तर ५० टोकनांत बसवलं की ५. मराठीत तर हे जास्तच लागू आहे, कारण अनेक मॉडेलांत देवनागरी मजकुराला तेवढ्याच आशयाच्या इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. नमस्कार, प्रश्नाची पुनरुक्ती आणि ‘आणखी काही मदत?’ हे सगळं त्या हिशेबात महाग पडतं. बदलीची शेवटची तारीख मात्र छाटू नये. ग्राहक तीच पुन्हा विचारेल.

आता पोच. तिने एकही सेकंद वाचत नाही, हे आक्षेपकांचं म्हणणं मान्य. पण कोरा पडदा दिसला की माणूस तोच प्रश्न पुन्हा पाठवतो आणि सर्व्हरवरचं काम दुप्पट होतं. याकोब नील्सन यांनी १९९३ मध्येच लिहून ठेवलंय की १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि १० सेकंदांपुढे लक्ष टिकत नाही. आपले ५ त्यांच्या मधोमध येतात. पोच मॉडेलकडून लिहून घेऊ नये, नाहीतर तिच्यासाठीही थांबावं लागतं. टूल सुरू होताच प्रोग्रॅमनेच ‘ऑर्डर आणि कुरियर तपासतोय’ असं दाखवावं. ‘बदली मंजूर करतोय’ असं मात्र नियम हाती येण्याआधी कधीच नाही. ती पोच नव्हे, थाप आहे.

पैसे परत करणं, ऑर्डर रद्द करणं ही कामं समांतर रांगेत घालू नयेत; एक फसलं आणि दुसरं झालं तर निस्तरणं कठीण. आणि सरासरी वेळ बघून खूश होऊ नये. शंभरातल्या सर्वांत संथ पाच विनंत्या उघडल्या की बहुधा कुरियरच अडकलेला सापडतो. त्याला ३ सेकंदांची मर्यादा घालावी, ती उलटली की नियमाचं उत्तर लगेच द्यावं आणि ठावठिकाणा अजून आला नाही हे स्पष्ट लिहावं.