'खोटे आहे' एवढेच उत्तर पुरे नाही

गटातल्या एकीने पुढून आलेला मजकूर पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, 'याचा अर्थ काय?' मजकूर असा: आज नवा कायदा झाला, भारतीय दंड संहितेच्या कलम 233 प्रमाणे, बलात्कार करू पाहणाऱ्याला बाईने ठार मारले तरी तो खून नाही. लिहिणाऱ्याचे नाव नाही. 'आज' म्हणजे कधी, तेही नाही.

हा मजकूर कित्येक वर्षे फिरतो आहे. कलम 233 होते खोटी नाणी पाडण्याच्या साधनांबद्दल, आणि 1 जुलै 2024 पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पण 'खोटे आहे, पुढे पाठवू नका' म्हणून थांबणे मला घातक वाटते. बाई समजेल, आपल्याला हा हक्कच नाही. तो 1860 पासून आहे: तेव्हा कलम 100, आता कलम 38. बलात्काराच्या हेतूने हल्ला होत असताना स्वतःला वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला, तर तो गुन्हा ठरत नाही. मात्र हे धोका असेतोवरच, आणि बचावाला लागेल तेवढेच. तो पळून गेल्यावर गाठून मारले तर कायदा पाठीशी राहत नाही. मजकुरात नेमके हेच गाळले आहे. शिवाय बचावासाठीच मारले हे कोर्टात बाईलाच दाखवावे लागते. म्हणून फाटलेले कपडे आणि स्वतःच्या जखमांची डॉक्टरी नोंद महत्त्वाची.

हे सगळे गटात लिहावे. आणि तिला वेगळे गाठून विचारावे, हे कुणासाठी विचारलेस?