दोन तासांचा भाव

६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने एका दिवसाची मोठी विक्री योजली. माल लवकर संपला, भाव बदलत राहिले आणि संस्थापकांना ग्राहकांची क्षमा मागावी लागली. लहान दुकानालाही हीच तिढ्याची गाठ पडते, फक्त ओरड कमी ऐकू येते.

नाशिक रोडच्या एखाद्या स्टील भांड्यांच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. तीन कप्प्यांचा डबा ८०० रुपयांचा, शिल्लक १२० नग. शनिवारी रात्री ८ ते १० या वेळेत ४० नग ६४० रुपयांना द्यायचे आहेत. दुकानाचे संकेतस्थळ वूकॉमर्सवर आहे. तेथे `Regular price` आणि `Sale price` ही दोन स्वतंत्र खाती असतात, आणि ही मोठी सोय आहे. ८०० पुसून ६४० लिहिले, तर दहा वाजता कोणीतरी आठवणीने ८०० पुन्हा लिहावे लागतात. सवलतीचा रकाना वेगळा असला, की मुदत संपताच मूळ भाव आपोआप उभा राहतो.

मात्र नेहमीच्या पडद्यावर `Schedule` केवळ तारखा विचारते. सवलत पहिल्या तारखेच्या मध्यरात्री सुरू होते आणि शेवटच्या तारखेस रात्री ११.५९ ला संपते. आठ ते दहासाठी तास-मिनिटे घेणारे पूरक साधन बसवावे लागते. त्याआधी संकेतस्थळाचा वेळविभाग पाहावा. तो UTC राहिला असेल, तर आठची विक्री आपल्याकडे रविवारी पहाटे दीड वाजता सुरू होईल. वेळविभाग `Kolkata` निवडावा.

चाळीस नगांची मर्यादा हे खरे अवघड काम. नुसता साठा ४० दाखविला, तर ते संपताच डबा 'संपला' असे दिसते, आणि ८०० ला घेऊ इच्छिणारा गिऱ्हाईकही परत जातो. यावर साधा उपाय असा, की चाळीस नगांची वेगळी वस्तू, वेगळ्या क्रमांकाने, नोंदवावी. उरलेले ८० मूळ वस्तूवरच राहू द्यावेत. दहानंतर न विकलेले नग मूळ साठ्यात जमा करावेत.

येथे आणखी एक पेच आहे. पैसे न भरलेली ऑर्डरही नग अडवून धरते, आणि `Hold stock` ची मूळ मुदत ६० मिनिटे असते. नऊ वाजून दहा मिनिटांनी कोणी यूपीआय अर्धवट सोडले, तर तो डबा दहा वाजून दहा मिनिटांनी सुटतो, म्हणजे सवलत संपल्यावर. दोन तासांच्या विक्रीस पंधरा मिनिटे पुरेत.

शेवटची पडताळणी दहा वाजून एक मिनिटाने करावी. खाजगी विंडोत पान उघडून डबा टोपलीत टाकावा. पानावर ६४० आणि टोपलीत ८०० दिसले, तर सवलत वेळेवर बंद झाली आहे, परंतु पानाची जुनी साठवलेली प्रत अजून दाखविली जात आहे. ती प्रत तत्काळ रिकामी करावी. तोवर भांडणाचे फोन येणारच.